मोबाइल डेटा स्लो का चालतो: रेंज, नेटवर्क मोड आणि टॉवरवरची गर्दी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नेट स्लो होण्याची कारणं ढीगभर असतात, पण येणारे बहुतेक प्रश्न तीनच ठिकाणी जाऊन थांबतात: रेंज कमी असते, फोन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर सारखा उड्या मारतो, किंवा टॉवरवर माणसं जास्त झालेली असतात. लक्षणं सारखी दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत. म्हणून आधी कारण ओळखणं महत्त्वाचं. त्यासाठी प्रश्न ४ सावकाश वाचा.

१. सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, तरी नेट रांगतं. असं कसं?

काड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. त्या टॉवरकडे तुमच्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत. गर्दीच्या वेळी काड्या चारच्या चार राहतात आणि वेग तळाला जातो, यात विसंगती काहीच नाही.

दुसरं म्हणजे किती रेंजला किती काड्या दाखवायच्या याचं सर्वांना बांधील असं माप नाही. ते प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनांपैकी एकावर दोन आणि दुसऱ्यावर चार काड्या दिसू शकतात, रेंज मात्र सारखीच. त्यामुळे काड्यांवर विसंबू नका, आकडा बघा.

२. तो आकडा कुठे दिसतो?

बहुतेक अँड्रॉइड फोनांत Settings मध्ये About phone, तिथे SIM status आणि त्यात Signal strength. तिथे असं काहीतरी दिसेल:

```
-97 dBm  43 asu
```

आपल्याला पहिला आकडा हवा. नावं फोननुसार थोडी बदलतात. सापडलं नाही तर डायलरमध्ये खालचा कोड टाका. चाचणीचा मेनू उघडतो आणि त्यात Phone information खाली जास्त तपशील मिळतो. काही कंपन्यांच्या फोनांत हा कोड चालत नाही.

```
*#*#4636#*#*
```

आयफोनवर खालचा नंबर टाकून कॉलचं बटण दाबा, Field Test उघडेल. हे करताना वायफाय बंद ठेवा.

```
*3001#12345#*
```

दोनच गोष्टी शोधा: RSRP म्हणजे रेंजची ताकद, आणि SINR (काही फोनांत SNR किंवा RSSNR) म्हणजे कामाचा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते. Band दिसत असेल तर तोही टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

३. किती आकडा चांगला आणि किती वाईट?

RSRP नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ढोबळ अंदाज असा: उणे ८५ किंवा त्याहून बरा असेल तर रेंजबद्दल तक्रार नको. उणे १०० च्या आसपास काम भागतं. उणे ११० च्या खाली गेलं की वेग जाणवण्याइतका पडतो, आणि उणे १२० जवळ आलं की संपर्क टिकला तरी नशीब.

हे माप सरळ पट्टीसारखं नाही. १० ने आकडा घसरला की पोचणारी ताकद दहावा भाग उरते. म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत फरक ३० चा दिसतो, पण ताकदीत हजारपटीचा असतो. भिंतीच्या आतून खिडकीशी आल्यावर १५ चा फरक पडला तर तो 'थोडासा' नव्हे, तीसपटीहून जास्त आहे.

SINR मात्र जितका मोठा तितका चांगला. २० च्या वर उत्तम, १० च्या आसपास ठीक, ० किंवा उणे असेल तर शेजारच्या टॉवरांचा गोंगाट तुमच्या सिग्नलइतकाच किंवा त्याहून मोठा आहे. RSRP छान आणि SINR वाईट, अशी जोडी दोन-तीन टॉवरांच्या मध्ये सापडलेल्या उंच मजल्यांवर बऱ्याचदा दिसते.

४. माझ्याकडे रेंज कमी आहे की टॉवरवर गर्दी आहे, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

एकच जागा, दोन वेळा, आणि एकच वेळ, दोन जागा. एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

फोन एका ठरलेल्या जागी ठेवा, टेबलाचा कोपरा चालेल. हातात धरू नका, कारण पकड बदलली की आकडा बदलतो. वायफाय, व्हीपीएन आणि अ‍ॅप अपडेट बंद करा. RSRP आणि SINR टिपा, मग वेगाची चाचणी लागोपाठ तीनदा घ्या आणि मधला निकाल धरा. हे एकदा पहाटे किंवा भल्या सकाळी करा आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. चाचणी डेटा खाते, वेगवान नेटवर तर एकेक चाचणी शेकडो एमबी घेऊ शकते. प्लॅन तोकडा असेल तर हे लक्षात असू द्या.

एक नमुना घेऊ. झोपायच्या खोलीत सकाळी सहाला RSRP उणे ९६, SINR १४, डाउनलोड ३८ एमबीपीएस, पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ ३५ मिलिसेकंद. रात्री साडेनऊला त्याच टेबलावर RSRP उणे ९७, SINR ६, डाउनलोड १.८, पिंग १९०. रेंज तसूभर हललेली नाही, तरी वेग वीसपट पडला. ही गर्दी आहे. SINR उतरला कारण आजूबाजूचे टॉवरही रात्री भरून वाहतात आणि त्यांचा गोंगाट वाढतो. पिंग फुगला कारण तुमच्या डेटाची पाकिटं टॉवरवर पाळी येईपर्यंत ताटकळतात.

आता त्याच घरातल्या आतल्या बोळात मोजलं: सकाळी RSRP उणे ११७ आणि डाउनलोड ३, रात्री उणे ११७ आणि ०.५. इथे सकाळीही वेग नाही. म्हणजे मूळ दुखणं रेंजचं आहे, रात्रीची गर्दी त्यावर कडी करते.

शेवटी खिडकीपाशी, रात्रीच: RSRP उणे ८६, SINR १५, डाउनलोड ११. खोलीत Band 8 होता, खिडकीशी Band 3 आला. Band 8 म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा. तो भिंती बऱ्यापैकी भेदतो, म्हणून आतल्या खोल्यांतले सगळे फोन त्याच्याच गळ्यात पडतात, आणि हा पट्टा बहुधा अरुंद असतो. Band 3 हा १८०० चा, भिंतीत जास्त मार खातो पण बहुधा रुंद असतो. त्या घरात फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉटने आत नेट घेणं हा खरा उपाय ठरतो, आणि त्याला खर्च नाही.

तुमचे आकडे यांपैकी कशातच बसत नसतील, वेग सेकंदासेकंदाला वरखाली होत असेल आणि वरचं चिन्ह बदलत असेल, तर प्रश्न ६ कडे जा. वेग अष्टौप्रहर एकाच आकड्याला चिकटलेला असेल तर प्रश्न ११.

५. गर्दी झाली म्हणजे टॉवरवर नेमकं काय होतं? आणि लांबच्या फोनला जास्त फटका का?

टॉवरचा प्रत्येक सेल, म्हणजे आजूबाजूचा एकेक भाग सांभाळणारा त्याचा हिस्सा, आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटतो. ४जीत हा तुकडा एक मिलिसेकंदाचा असतो, आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या फोनला किती जागा द्यायची ते टॉवर ठरवतो. मागणारे वाढले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते. एकूण क्षमता तेवढीच.

गंमत पुढे आहे. चांगल्या रेंजमधल्या फोनकडे टॉवर एका संकेतात ६ ते ८ बिट पाठवू शकतो. कमजोर रेंजमध्ये ते जमत नाही. तिथे २ बिटांवर यावं लागतं, शिवाय चुका दुरुस्त करण्यासाठी बराच जादा मजकूर सोबत द्यावा लागतो. म्हणजे तोच फोटो काठावरच्या फोनला पोचवायला टॉवरचा कित्येक पट वेळ जातो. वाट्याला आलेला वेळ सारखा असला तरी काठावरच्या फोनच्या पदरात थोडंच पडतं. म्हणून गर्दी तुम्हाला हटवता येत नसली तरी रेंज सुधारणं गर्दीतही उपयोगी पडतं.

६. फोन सारखा ५जी-४जी-५जी करत राहतो आणि मध्येच नेट अडतं. ४जीवर लावून ठेवू का?

बऱ्याचदा हो, निदान त्या जागेपुरतं.

तुम्ही ५जीच्या काठावर बसला आहात. फोन कूस बदलल्यासारखा थोडा फिरला तरी रेंजचा आकडा ५-६ ने हलतो, आणि तेवढ्याने तो हद्दीच्या कधी आत, कधी बाहेर जातो. प्रत्येक बदलाला नवं मोजमाप आणि नवी जोडणी लागते. त्या वेळात वाटेतला डेटा खोळंबतो. समोरचा सर्व्हर 'रस्ता खराब दिसतोय' असं समजून पाठवण्याचा वेग उतरवतो आणि मग हळूहळू चढवतो. तो चढेपर्यंत पुढची उडी येते. व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा गोठतो तो बहुधा असाच.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. अँड्रॉइडवर Settings, Network & internet, SIMs, आणि तिथे Preferred network type. काही फोनांत हेच Connections, Mobile networks, Network mode असं असतं. ५जी नसलेला पण `auto` लिहिलेला पर्याय निवडा, उदाहरणार्थ `LTE/3G/2G (auto connect)`. आयफोनवर Settings, Cellular किंवा Mobile Data, मग Cellular Data Options, Voice & Data, आणि तिथे `LTE`. आता चार-पाच चाचण्या घ्या आणि ५जी चालू असतानाच्या चाचण्यांशी ताडून बघा. ताडताना सर्वांत चांगला निकाल बघू नका, सर्वांत वाईट बघा. ५जीवर ९०, ७०, २, ८५, ० असं येत असेल आणि ४जीवर सलग २० च्या आसपास, तर कॉलसाठी आणि कामासाठी ४जीच बरं. मोठी फाइल उतरवायची असेल तर मात्र ५जीची ती ओढाताण परवडू शकते.

उलटंही घडतं. तुमच्या भागात ४जी ठासून भरलेलं आणि ५जी मोकळं असेल, तर ४जीवर कोंडून घेतल्याने नुकसानच होईल. म्हणून आधी मोजा. घराबाहेर पडताना परत ५जी चालू करायला विसरू नका, हे विसरणारे फार.

७. वर ५जीचं चिन्ह आहे पण वेग ४जीएवढाच. फसवणूक आहे का?

तसं नाही, पण चिन्ह थोडं उदार असतं. बऱ्याच ठिकाणी ५जी हे ४जीच्या खांद्यावर उभं असतं: फोन आधी ४जी सेलला जोडतो आणि गरज पडली की ५जीची वाट जोडीला घेतो. काही फोन ४जी सेलने 'इथे ५जीची सोय आहे' एवढं जाहीर केलं तरी 5G दाखवतात, मग प्रत्यक्षात ती वाट जुळलेली असो वा नसो. चाचणी चालू असताना प्रश्न २ मधल्या मेनूत NR या नावाखाली आकडे दिसतात का बघा. NR म्हणजे ५जीची वाट. ती रिकामी असेल तर तुम्ही ४जीवरच आहात.

८. एअरप्लेन मोड लावून काढला की थोडा वेळ छान चालतं. का?

फोन नेटवर्कमधून बाहेर पडतो आणि नव्याने नोंद करतो, त्यात तो सेलही नव्याने निवडतो. आधी तो जुन्या, लांबच्या किंवा भरलेल्या सेलला चिकटून बसलेला असेल तर फरक पडतो. लिफ्टमधून, तळघरातून किंवा प्रवासातून आल्यावर हा उपाय खरोखर कामाचा आहे. मोड लावल्यावर १५-२० सेकंद थांबा, लगेच काढू नका.

पाच मिनिटांत पुन्हा जैसे थे होत असेल तर फोन परत त्याच सेलवर जातोय. मग दर तासाला हा खेळ करण्यापेक्षा फोनची जागा बदला.

९. व्हिडिओ बघता येतो पण फोटो जात नाही. एकाच दिशेने नेट कसं चालतं?

टॉवर दहा-वीस वॉट आणि त्याहून जास्त ताकदीने बोलतो. फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॉट. म्हणून काठावर फोनला टॉवर ऐकू येतो, पण फोनचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत धड पोचत नाही. आधी अपलोड मरतो. रेंज आणखी घटली की डाउनलोडही अडखळतो, कारण 'मिळालं, पुढचं पाठव' ही पोच फोनला वरच पाठवावी लागते. ती अडकली की सर्व्हर थांबतो.

अशा वेळी फोन पूर्ण ताकदीने ओरडत असतो, म्हणून गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. स्लो नेट, गरम फोन आणि अपलोड जवळपास शून्य हे तिन्ही एकत्र दिसले तर रेंजचाच संशय घ्या. धातूचं कव्हर किंवा चुंबकाची पट्टी असलेलं कव्हर काढून पुन्हा मोजा.

मैदानात, मोठ्या कार्यक्रमात मात्र रेंज उत्तम असूनही अपलोड मरतो. तिथे सगळेच एकदम व्हिडिओ वर पाठवत असतात. तिथे मजकुराचा निरोप पाठवा, फोटो नंतर.

१०. कॉल आला की नेट बंद पडतं, कॉल संपल्यावरही बराच वेळ स्लो. हे कशामुळे?

दोन शक्यता. कॉल ४जीवरून नेण्याची सोय बंद असेल तर कॉलसाठी फोन ३जी किंवा २जीवर उतरतो, डेटाही त्याच्यासोबत उतरतो किंवा थांबतो, आणि कॉलनंतर वर यायला वेळ घेतो. सिमच्या सेटिंगमध्ये VoLTE किंवा 4G Calling चालू करा. कॉल सुरू असताना वरचं चिन्ह 4G वरून खाली गेलं तर कारण हेच.

दुसरी शक्यता दोन सिमांची. डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर असेल तर बऱ्याच फोनांत कॉल चालू असेपर्यंत डेटाचं सिम गप्प बसतं. हा बिघाड नाही. काही फोनांत कॉलपुरता डेटा त्याच दुसऱ्या सिमवर नेण्याचा पर्याय असतो. त्या सिमवर डेटा प्लॅन असेल तरच तो चालू करा.

याच्या जवळचाच एक घोळ: 4636 च्या मेनूतून `LTE only` निवडलं आणि कॉल बंद झाले. VoLTE चालत नसेल तर या पर्यायात कॉलला वाटच उरत नाही, आपत्कालीन कॉलही अडू शकतो. म्हणून प्रश्न ६ मध्ये `auto` असलेला पर्यायच घ्यायला सांगितलं आहे.

११. पहाट असो की रात्र, खिडकी असो की खोली, वेग एकाच आकड्यावर अडकलेला. ही गर्दी का?

नाही. गर्दी वरखाली होते, रेंज जागेनुसार बदलते. वेग हलतच नसेल तर कोणीतरी मर्यादा घातली आहे. बहुधा प्लॅनमधला वेगवान डेटा संपलेला असतो. शिल्लक तपासा. शिल्लक असेल तर व्हीपीएन आणि डेटा सेव्हर बंद करून पुन्हा मोजा, आणि त्याच जागी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. वेग सिमबरोबर गेला तर कारण प्लॅनचं, फोनमध्येच राहिला तर फोनच्या सेटिंगचं.

१२. शेजारी बसलेल्याच्या फोनवर त्याच कंपनीचं नेट पळतं, माझ्या नाही.

त्याचा फोन तुमच्या फोनला न येणाऱ्या बँडवर असेल, किंवा दोन-तीन बँड एकत्र वापरत असेल. जुन्या आणि स्वस्त फोनांना सगळे बँड येत नाहीत. दोन्ही फोनांतला Band ताडून बघा. बँड तोच, RSRP तोच आणि तरीही फरक, तर वरची सिम-बदलाची चाचणी करा.

१३. नेट वाढवणारी अ‍ॅप आणि सिग्नल बूस्टर घ्यावेत का?

अ‍ॅप घेऊ नका. कोणतंही अ‍ॅप अँटेनाची ताकद वाढवू शकत नाही. फार तर ते एअरप्लेन मोडच लावून काढतं, आणि ते तुम्हाला फुकट करता येतं.

बूस्टर ही वेगळी गोष्ट आहे. छतावरच्या अँटेनाने सिग्नल घेऊन आत वाढवून सोडणारं यंत्र रेंज खरंच वाढवतं, पण बऱ्याच देशांत ते परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. चुकीचा लावलेला बूस्टर टॉवरवर गोंगाट ओततो आणि अख्ख्या परिसराचं नेट बिघडवतो. गर्दीवर तर त्याचा उपयोगच नाही, भरलेला सेल जोरात ऐकू आला म्हणून मोकळा होत नाही. घरात वायफाय असेल तर कॉलसाठी Wi-Fi Calling चालू करा.

१४. कंपनीकडे तक्रार करताना काय लिहायचं म्हणजे 'फोन रीस्टार्ट करा' एवढंच उत्तर येणार नाही?

प्रश्न ४ मधली दोन वेळांची मोजमापं लिहा: जागेचा नेमका पत्ता आणि मजला, तारीख, वेळ, RSRP, SINR, Band, डाउनलोड, अपलोड, पिंग. मेनूत सेलचा क्रमांक दिसत असेल (CI किंवा Cell ID) तर तो जरूर द्या, त्यावरून तांत्रिक विभागाला नेमका सेल सापडतो आणि तो रात्री किती भरतो हे तपासता येतं. 'रेंज नाही' असं लिहू नका, जर आकडा उणे ९७ असेल तर. त्याऐवजी लिहा: 'रेंज उणे ९७ वर स्थिर, सकाळी ३८, रात्री १.८.' एकाच इमारतीतल्या तीन-चार जणांनी तोच सेल क्रमांक देऊन वेगवेगळ्या तक्रारी नोंदवल्या तर दखल लवकर घेतली जाते.